डायोडने अर्धी लाट अडवली, उष्णता किती उरली?

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे. सोल्डरिंगची इस्तरी दिवसभर चालू ठेवली तर तिचं टोक जळून काळं पडतं, आणि बंद ठेवली तर दर वेळी तापेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. म्हणून ते इस्तरीच्या एका वायरमध्ये एक छोटा डायोड घालतात. इस्तरी स्टँडवर ठेवली की वीज डायोडमधून जाते आणि इस्तरी कोमट राहते. हातात घेतली की स्टँडखालचा स्विच डायोडला वळसा घालून थेट वीज देतो आणि काही क्षणांत टोक पुन्हा पूर्ण तापतं. रुपया-दोन रुपयांच्या डायोडने ट्रान्सफॉर्मरचं काम भागवलं जातं.

आता प्रश्न असा की डायोड मध्ये असताना इस्तरी नेमकी किती उष्णता देते? आकडे सोपे राहावेत म्हणून इस्तरीऐवजी १००० वॉटची शेगडीची कॉइल घेऊ. घरातली वीज २३० व्होल्टची. या कॉइलचा रोध २३० गुणिले २३० भागिले १०००, म्हणजे ५२.९ ओहम. तिच्याशी एकसरीत एक डायोड जोडला. हा प्रश्न डिप्लोमाच्या वर्गात टाकला तर तीन वेगवेगळी उत्तरं येतात. पहिला म्हणतो, अर्धी लाट गेली म्हणजे व्होल्टेज अर्धं, ११५ व्होल्ट; उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून ती चौथाई, २५० वॉट. दुसरा जरा अभ्यासू असतो. तो सांगतो की अर्धलहरीची सरासरी १०३.५ व्होल्ट येते, म्हणून उष्णता साधारण २०३ वॉट. तिसरा फारसा विचार न करता सांगतो, अर्धा वेळ वीज आहे, अर्धा वेळ नाही, तर उष्णताही अर्धी, ५०० वॉट.

बरोबर तिसरा आहे, आणि त्याचा तर्कही बरोबर आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. त्यातले १० मिलिसेकंद करंट एका दिशेने वाहतो, शून्यापासून चढत शिखरावर जातो आणि पुन्हा शून्यावर उतरतो. उरलेले १० मिलिसेकंद तोच प्रकार उलट दिशेने होतो. तारेला दिशेशी काही देणंघेणं नसतं. करंट इकडून गेला काय नि तिकडून गेला काय, ती सारखीच तापते. म्हणून दोन्ही अर्ध्या भागांत निर्माण होणारी उष्णता तंतोतंत सारखी असते. डायोड एक भाग जसाच्या तसा जाऊ देतो आणि दुसरा पूर्ण अडवतो. जो भाग जातो, त्याचं शिखर कमी होत नाही, आकार बदलत नाही. तेव्हा दर २० मिलिसेकंदांतले १० मिलिसेकंद कॉइल नेहमीइतकीच तापते आणि पुढचे १० मिलिसेकंद तिला काहीच मिळत नाही. सरासरी ५०० वॉट. जाड तार इतक्या घाईने थंड-गरम होऊ शकत नाही, त्यामुळे डोळ्यांना आणि हाताला ती एकसारखीच तापलेली वाटते.

पहिल्याचं कुठे चुकलं? त्याने वेळ अर्धा करण्याऐवजी लाटेची उंची अर्धी केली. डायोडने उंचीला हातच लावलेला नाही. दुसऱ्याची चूक मात्र अधिक खोल आहे, कारण त्याची सरासरी खरी आहे. १०३.५ हा आकडा चुकीचा नाही. फक्त उष्णतेच्या हिशेबात तो चालत नाही. तो का चालत नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे.

रोधातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मँचेस्टरजवळच्या जेम्स प्रेस्कॉट जूल या मद्य गाळणाऱ्या घराण्यातल्या तरुणाने हे १८४१ साली प्रसिद्ध केलं. पाण्यात तारेचं वेटोळं बुडवायचं, त्यातून बॅटरीचा करंट सोडायचा आणि तापमापकावर पाणी किती चढतं ते बघायचं, असे त्याचे प्रयोग होते. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते, तिप्पट केला की नऊपट. आता या नियमाला एक साधं उदाहरण लावून बघा. एक ओहमच्या तारेतून दोन सेकंद सतत एक अँपिअर वाहिला, तर उष्णता दोन जूल. त्याच तारेतून पहिल्या सेकंदाला दोन अँपिअर वाहिले आणि दुसऱ्या सेकंदाला काहीच वाहिलं नाही, तर सरासरी करंट अजूनही एक अँपिअरच. पण उष्णता चार जूल. सरासरी तीच, उष्णता दुप्पट. शिखराच्या वेळी जी जास्तीची उष्णता निघते, ती शून्याच्या वेळच्या तोट्यापेक्षा मोठी असते, कारण वर्ग मोठ्या आकड्याला आणखी मोठं करतो. करंट जितका खाली-वर, तितकी सरासरी आणि उष्णता यांच्यात फारकत.

म्हणून उष्णतेसाठी वेगळा आकडा लागतो. प्रत्येक क्षणाच्या करंटचा आधी वर्ग करायचा, मग त्या वर्गांची सरासरी घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ काढून पुन्हा अँपिअरवर यायचं. यालाच आर.एम.एस. मूल्य म्हणतात. वर्ग आधी आणि सरासरी नंतर, हा क्रम महत्त्वाचा. दुसऱ्या विद्यार्थ्याने सरासरी आधी घेतली आणि वर्ग नंतर केला. आर.एम.एस.चा अर्थ एवढाच की तितक्या अँपिअरचा बॅटरीचा सरळ करंट त्याच रोधातून सोडला, तर तेवढीच उष्णता मिळेल. घरातले २३० व्होल्ट हेही आर.एम.एस.च आहेत. लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असतं.

आपल्या कॉइलमध्ये त्यामुळे करंटचं शिखर ३२५ भागिले ५२.९, म्हणजे ६.१५ अँपिअर. डायोड नसताना आर.एम.एस. करंट ४.३५ अँपिअर. डायोड घातला की उष्णता निम्मी होते, म्हणजे करंटचा वर्ग निम्मा होतो, म्हणजे करंट १.४१४ ने भागला जातो: ३.०७ अँपिअर. हा आकडा शिखराच्या बरोबर अर्धा आहे, आणि हे योगायोगाने झालेलं नाही. पूर्ण लाटेच्या वर्गाची सरासरी शिखराच्या वर्गाच्या निम्मी असते. अर्धी लाट गेली की ती चौथाई होते आणि चौथाईचं वर्गमूळ अर्धा. सूत्रात लिहायचं तर:

I_rms = I_m / 2

पूर्ण लाटेच्या वर्गाची सरासरी निम्मीच का, हे कॅल्क्युलसशिवायही कळतं. सम (साइन) लाटेचा वर्ग आणि पाव आवर्तन सरकवलेल्या त्याच लाटेचा वर्ग यांची बेरीज प्रत्येक क्षणी एक येते. शाळेतलं ज्या वर्ग अधिक कोज्या वर्ग हे सूत्र तेच. दोन्ही लाटांचा आकार एकच आहे, फक्त सुरुवात वेगळी. मग दोघांची सरासरी सारखीच असणार, आणि बेरीज एक असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा येणार.

आता सरासरीकडे येऊ. तिच्यात पाय कुठून येतो, याचं अनेकांना कोडं पडतं. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एक ठिपका सेकंदाला एक मीटर वेगाने फिरतोय असं समजा. व्यासाच्या डाव्या टोकापासून निघून वरच्या कमानीवरून तो उजव्या टोकाला पोहोचतो. कमानीची लांबी ३.१४ मीटर, म्हणून वेळ ३.१४ सेकंद. आडवं अंतर मात्र दोनच मीटर कापलं गेलं. म्हणजे त्याचा आडवा वेग सरासरी २ भागिले ३.१४, सुमारे ०.६३७. सुरुवातीला ठिपका सरळ वर चढत असतो, त्यामुळे आडवा वेग शून्य. कमानीच्या माथ्यावर तो पूर्ण आडवा, वेग एक. उजव्या टोकाला पुन्हा शून्य. मधल्या प्रत्येक क्षणी हा आडवा वेग अगदी साइन लाटेच्या अर्ध्या कुबडासारखा चढतो-उतरतो. म्हणून एका कुबडाची सरासरी शिखराच्या ०.६३७ पट. आपल्या कॉइलमध्ये कुबडामागून तितकाच वेळ शून्य येतं, म्हणून तीही निम्मी होते: ०.३१८ पट, म्हणजे शिखर भागिले पाय.

I_avg = I_m / π

६.१५ ला ३.१४ ने भागलं की १.९६ अँपिअर. एकाच तारेतल्या एकाच करंटचे हे दोन आकडे: सरासरी १.९६, आर.एम.एस. ३.०७. सरासरीच्या वर्गाला ५२.९ ने गुणलं तर २०३ वॉट येतात. दुसऱ्या विद्यार्थ्याचं उत्तर. उरलेले २९७ वॉट कुठून आले? करंटच्या खाली-वर होण्यातून. अर्धलहरीचा करंट हा १.९६ अँपिअरचा स्थिर डीसी आणि त्याच्याभोवती हेलकावणारा एसी अशा दोघांचा मिळून बनलेला आहे असं मानता येतं. डीसीचा वाटा ४०.५ टक्के आणि हेलकाव्यांचा ५९.५ टक्के. सरासरीने काढलेली उष्णता पाचातल्या तीन हिश्श्यांना मुकते.

हे पडताळून पाहायला पाणी तापवण्याचा हिशेब पुरतो. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३ लाख १४ हजार जूल लागतात. १००० वॉटला, बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर, सव्वापाच मिनिटं. ५०० वॉटला साडेदहा. २०३ वॉट खरे असते तर पावणेसव्वीस मिनिटं लागली असती, आणि उघड्या भांड्यात बाहेर निसटणारी उष्णता धरली तर इतक्या मंद आचेवर पाणी उकळायलाच फार वेळ घेतलं असतं. साडेदहा आणि पावणेसव्वीस यांतला फरक ओळखायला महागडं यंत्र लागत नाही.

यंत्रांची मात्र इथे गंमत होते. प्रयोगशाळेत या तारेत दोन अँमीटर एकापाठोपाठ जोडले, एक मूव्हिंग कॉइलचा आणि एक मूव्हिंग आयर्नचा, तर पहिला १.९६ दाखवतो आणि दुसरा ३.०७. विद्यार्थी धावत येऊन एक मीटर बिघडल्याचं सांगतात. दोन्ही ठीक असतात. पहिल्यात कायमचुंबक असतो आणि काट्यावरचा जोर करंटच्या प्रमाणात असतो, म्हणून तो सरासरीवर थांबतो. दुसऱ्यात लोखंडाला चुंबकत्व देणारा आणि त्याला ढकलणारा करंट एकच असतो, म्हणून जोर वर्गाच्या प्रमाणात, आणि पट्टी त्यानुसार आखलेली असल्यामुळे काटा आर.एम.एस. सांगतो.

हातातल्या डिजिटल मल्टिमीटरवर कॉइलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायला गेलात तर गोंधळ आणखी वाढतो. खरं आर.एम.एस. व्होल्टेज १६२.६ आहे, २३० भागिले १.४१४. डीसीच्या खुणेवर मीटर १०३.५ दाखवेल, ते बरोबर आहे, ती सरासरी आहे. एसीच्या खुणेवर बऱ्याच स्वस्त मीटरांत आत एकच डायोड असतो. तो अर्ध्या लाटेची सरासरी घेतो आणि लाट पूर्ण साइनच आहे असं धरून २.२२ ने गुणतो. म्हणून प्रोब एका बाजूने लावले तर मीटर २३०च्या आसपास दाखवतो, जणू डायोड घातलाच नाही. प्रोब उलटे केले की शून्याजवळ. प्रोब उलटवून एसीचं वाचन असं बदललं, तर समोरची लाट अर्धी आहे आणि मीटर साधा आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

महागड्या मीटरवर ‘ट्रू आर.एम.एस.’ लिहिलेलं असतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण त्यांतले बरेच एसीच्या खुणेवर आत कपॅसिटर ठेवून डीसीचा भाग अडवतात आणि फक्त हेलकाव्यांचं आर.एम.एस. मोजतात. इथे असा मीटर १२५ व्होल्ट दाखवेल. १२५ धरून उष्णता काढली तर २९५ वॉट, पुन्हा चूक. अशा वेळी एसीचं वाचन आणि डीसीचं वाचन दोन्ही घ्यावं, दोघांचे वर्ग मिळवावेत आणि वर्गमूळ काढावं: १२५चा वर्ग अधिक १०३.५चा वर्ग, त्यांचं मूळ जवळजवळ १६२. काही मीटरांवर एसी अधिक डीसी अशी वेगळी खूण असते. ती असेल तर हा खटाटोप वाचतो.

मग सरासरीचा उपयोग काय? जिथे वाहून गेलेल्या विद्युतभाराची मोजदाद होते, तिथे तीच खरी. मुलामा देण्याच्या कामात हाच १.९६ अँपिअर तांब्याच्या द्रावणातून एक तास वाहिला, तर कॅथोडवर सुमारे २.३ ग्रॅम तांबं बसेल. फॅराडेचा नियम भार मोजतो, वर्ग करत नाही. ३.०७ धरून हिशेब केला तर ३.६ ग्रॅम येतील आणि मुलामा अपेक्षेपेक्षा पातळ निघेल. मात्र त्याच द्रावणाला आणि तारांना येणारी ऊब ३.०७ ने ठरते.

या जोडणीतला डायोडही तापतो, आणि त्याचा कल सरासरीकडे असतो. चालू असताना त्याच्यावर जवळजवळ एकच व्होल्ट पडतो, करंट कमी असो वा जास्त. त्यामुळे त्याच्यातली उष्णता एक व्होल्ट गुणिले १.९६ अँपिअर, सुमारे दोन वॉट. म्हणूनच डायोडच्या माहितीपत्रकात करंटची मर्यादा सरासरीत दिलेली असते. सगळीकडे मिळणारा १एन४००७ हा सरासरी एक अँपिअरचा. ६० वॉटच्या इस्तरीला सरासरी ०.१२ अँपिअर लागतो, तिथे तो आरामात चालतो. १००० वॉटच्या कॉइलला तो लावला तर जळेल. तिथे तीन अँपिअरचा १एन५४०८ हवा, आणि तोही हवा लागेल असा मोकळा. अडवलेल्या अर्ध्या भागात डायोडला ३२५ व्होल्ट उलटे सोसावे लागतात. हे दोन्ही डायोड हजार व्होल्टचे असल्यामुळे ती चिंता उरत नाही. वायर आणि फ्यूज मात्र ३.०७ नेच तापतात. एकाच वाटेवरच्या दोन वस्तूंची निवड दोन वेगळ्या आकड्यांवर होते.

निम्म्या उष्णतेचा नियम रोध स्थिर असेल तरच चालतो. शेगडीची नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून ५०० वॉट हे उत्तर जवळजवळ अचूक. जुन्या पिवळ्या बल्बच्या टंगस्टनचं तसं नाही. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. १०० वॉटच्या बल्बला डायोड लावला की फिलामेंट कमी तापतं, त्यामुळे रोध उतरतो, त्यामुळे करंट हिशेबापेक्षा जास्त जातो आणि ५०ऐवजी ५५ ते ६० वॉट खर्च होतात. प्रकाश मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो आणि डोळ्यांना त्रास होईल इतका थरथरतो. जिन्यातला बल्ब वर्षानुवर्षं टिकावा म्हणून लोक असा डायोड लावत. बल्ब टिकायचाही, वीज मात्र वाटायची तेवढी वाचत नसे.

घरात नवा डायोड बसवण्याचा विचार असेल तर इस्तरीपुरताच ठेवावा. मोठा भार अर्ध्या लाटेवर चालवला की पुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी वाहू लागतो, त्याचा गाभा एका बाजूला चुंबकित होतो आणि तो गुरगुरतो. दुसरा धोका थेट जिवाचा. पाणी तापवायच्या रॉडला डायोड लावला आणि रॉड फुटून गळती सुरू झाली, तर गळतीचा करंटही अर्धलहरीच असतो. बोर्डावरचा आर.सी.सी.बी. ‘एसी’ प्रकारचा असेल तर त्याच्या आतलं वलय त्या एकदिशा करंटला दाद देईलच असं नाही. ‘ए’ प्रकारचा लागतो. त्याच्यावर छापलेली खूण बघितली की फरक कळतो: ‘एसी’वर एकच पूर्ण लाट असते, ‘ए’वर तिच्याखाली सुटी सुटी अर्धी कुबडंही काढलेली असतात.